सर्व संबंधित पालकांस

जून महिन्याच्या मध्यावर पुणे शहरातील शाळा उघडतात, आणि त्यानंतर आठवडाभराच्या आत प्रत्येक मुलाच्या दप्तरातून, डब्यातील तेलाचा एक ऐसपैस डाग अंगावर वागवीत, एक परिपत्रक घरी येते. शाळेची फी, वर्षभराच्या सुट्ट्या आणि शिस्तीचे नियम असे तीन विषय या परिपत्रकात एकत्र नांदत असतात. आणि ते कोणी वाचीत नाही ही गोष्ट शाळा, पालक आणि मुले या तिन्ही पक्षांस पूर्वापार मान्य असल्यामुळे कोणाची कोणाविरुद्ध तक्रार नसते.

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत या शांततेचा भंग झाला तो कायद्यामुळे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या बाराव्या कलमाने खासगी शाळांतील प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या, आणि त्या वाटेने या शाळेत अशा घरांतील मुले आली की जेथे मराठी वृत्तपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले जाते, परंतु इंग्रजी परिपत्रक देवापुढे ठेवून दिले जाते. त्यावर २०११ चा फी-नियमनाचा राज्याचा कायदा आला. फीवाढ मंजूर करण्याचा अधिकार त्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीस दिला, आणि त्या समितीतील पालक चिठ्ठ्या टाकून निवडावेत असेही ठरवून दिले. चिठ्ठी ही मोठी निःपक्षपाती वस्तू आहे. तिने एका डॉक्टरांस, एका वकिलांस आणि एका रिक्षामालकांस सारख्याच मायेने उचलले. आणि पहिल्याच सभेत त्या रिक्षामालकांनी पुढे आलेला कागद दोन्ही बाजूंनी पाहून तो नम्रपणे परत केला.

“बाई, सही करायला माझी ना नाही, पण फी वाढली का नाही एवढं या कागदात कुठं लिहिलंय ते दाखवा.”

मुख्याध्यापिका बाईंनी दाखविण्यासाठी चष्मा लावला, वकीलसाहेबांनी साहाय्यार्थ स्वतःचा चष्मा लावला, आणि बऱ्याच अवधीनंतर असे निष्पन्न झाले की फी वाढली आहे की नाही हे त्या कागदात लिहिलेलेच नाही. परिपत्रक मराठीत करण्याचा ठराव त्याच सभेत एकमताने संमत झाला.

हे काम मजकडे येण्याचे कारण एवढेच, की मी सरकारी नोकरीत बारनिशीवर, म्हणजे आवक-जावक नोंदविण्याच्या टेबलावर, आयुष्य काढले असून, निवृत्तीनंतर सोसायटीच्या जिन्यात लावावयाच्या सूचना लिहितो. त्या सूचनांमुळे दोन कुटुंबांनी आमच्याशी बोलणे सोडले आहे, ही गोष्ट मी माझ्या शैलीच्या परिणामकारकतेचा पुरावा समजत होतो. बाईंचा अभिप्राय निराळा असावा.

“मराठी स्वच्छ हवं आणि आदराचं हवं,” त्या म्हणाल्या. “पुणेरी पाटी नको.”

माझ्या मदतीस दोन सहकारी देण्यात आले. एक शाळेचे निवृत्त संस्कृत शिक्षक, ज्यांना सर्वजण गुरुजी म्हणतात. आणि दुसरे कार्यालयातील भाऊसाहेब, जे फीच्या खिडकीमागे इतकी वर्षे बसले आहेत की त्यांचा चेहरा चौकटीवाचून पाहिल्यास पालक त्यांना ओळखीत नाहीत. गुरुजींच्या मते परिपत्रकात एकही यावनी शब्द येता कामा नये. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, ते कार्य मध्येच खंडित झाले असून ते पुढे नेण्याचा योग या शाळेच्या भाग्यी आला आहे. भाऊसाहेबांच्या मते ‘सबब’, ‘कसूर’ आणि ‘मुदत’ हे शब्द काढल्यास कागदास वजनच राहत नाही. साठीच्या दशकात सरकारने पदनाम कोश काढला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्यास ‘बदनाम कोश’ म्हटले होते, याचे मी दोघांनाही स्मरण करून दिले. त्यावर दोघांनीही ते दुसऱ्यास उद्देशून आहे असे समजून समाधानाने मान डोलाविली.

मूळ परिपत्रकाचे पहिलेच वाक्य पालकांना त्यांच्या ‘वॉर्ड’चे नाव लिहावयास सांगत होते. गतवर्षी याच रकान्यात कित्येकांनी मुलाचे नाव न लिहिता महानगरपालिकेचे क्षेत्रीय कार्यालय लिहिले होते; ‘कसबा-विश्रामबाग’ या नावाचे सात विद्यार्थी तिसरीच्या एकाच तुकडीत शिकत असल्याचे कार्यालयाच्या दप्तरी अद्याप नमूद आहे. गुरुजींनी ‘पाल्य’ हा शब्द सुचविला. तो शुद्ध आहे, रूढही आहे. परंतु पालकास कागद द्यावयाचा आणि त्यात त्याच्या पोटच्या पोरास पाल्य म्हणावयाचे, यात सख्ख्या बापास दत्तक घेणाऱ्याच्या जागी बसविल्यासारखे होते. आम्ही ‘आपला मुलगा किंवा मुलगी’ असे लिहिले. तीन शब्द अधिक गेले, आणि भाऊसाहेबांनी कागदाच्या खर्चाबद्दल चिंता व्यक्त केली.

त्यानंतर आदराचा प्रश्न आला. इंग्रजीत आदर वाक्याच्या आरंभी एकदा ओतून ठेवला की पुढे वाटेल ते म्हणता येते. मराठीत तसे चालत नाही. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ‘कृपया’ घातले तेव्हा चौथ्या ओळीपाशी शाळा पालकांकडे भिक्षा मागते आहे असे वाटू लागले, आणि नवव्या ओळीपाशी ती त्यांची थट्टा करते आहे असे. मराठीतील आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. ‘फी भरा’ म्हटले की हुकूम होतो; ‘फी भरलीच पाहिजे’ म्हटले की भांडण होते; ‘फी भरण्यात यावी’ म्हटले की ती कोणी भरावयाची हेच कळत नाही, आणि ज्याला भरावयाची नाही तो त्या संदिग्धतेच्या सावलीत वर्षभर सुखाने बसतो. ‘पालकांनी फी भरावी’ एवढ्यात सांगणाऱ्याचा मानही राहतो आणि ऐकणाऱ्याचाही. याच न्यायाने ‘असे निदर्शनास आले आहे की’ हे वाक्यही आम्ही छाटले, कारण ते कोणाच्या निदर्शनास आले याचा तपास करता प्रत्येक वेळी शाळेचा शिपाई निघाला.

आता खुद्द फी. इंग्रजी परिपत्रकात ती ‘सर्व पालकांनी’ दहा तारखेच्या आत भरावयाची होती, न भरल्यास दररोज दहा रुपये विलंब आकार होता, आणि तरीही न भरल्यास मुलाचे नाव पटावरून कमी होणार होते. एवढ्याशा वाक्यात तीन खड्डे होते, आणि ते मराठीत आणू लागल्यावाचून कोणास दिसले नव्हते.

पहिला खड्डा ‘सर्व’ या शब्दाचा. पंचवीस टक्क्यांच्या जागांवर आलेल्या मुलांच्या पालकांस फी नाही. तो त्यांचा कायदेशीर हक्क आहे. परंतु परिपत्रकात ‘सर्व’ असल्यामुळे त्यांतील काहीजण दरवर्षी खिडकीशी येऊन, खिशातील पैसे चाचपीत, “आम्हाला किती?” असे विचारीत, आणि भाऊसाहेब “तुम्हाला नाही” असे रांगेतील शेवटच्या माणसासही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. आम्ही ‘या मुलांच्या पालकांनी फी भरावयाची नाही’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घातले, म्हणजे ते घरी बसून वाचता यावे.

दुसरा खड्डा दहा तारखेचा. ‘दहाच्या आत’ म्हणजे दहा तारीख धरून की सोडून, यावर पालक आणि भाऊसाहेब यांच्यात पिढीजात वाद होता. पालक म्हणत धरून, भाऊसाहेब म्हणत, “आत म्हणजे आत. उंबऱ्यावर उभा राहिलेला माणूस घरात असतो का?” शिवाय खिडकी दुपारी एक वाजता बंद होई, ही गोष्ट परिपत्रकात नसून फक्त खिडकीवर लिहिलेली होती, आणि तीही खिडकी बंद झाल्यावर दिसे अशा बाजूस. एका गृहस्थांची काही वर्षांपूर्वीची हकीकत सांगण्यासारखी आहे. ते जुलै महिन्यात शुक्रवारी, दहा तारखेस, दुपारी दीड वाजता आले आणि परत गेले. अकरा तारखेस दुसरा शनिवार, कार्यालय बंद. बारा तारखेस रविवार, कार्यालय बंद. तेरा तारखेस सोमवारी ते दार उघडण्यापूर्वीच येऊन उभे राहिले, आणि त्यांच्याकडून दहा तारीख धरून चार दिवसांचे चाळीस रुपये घेण्यात आले.

“पण दोन दिवस तुम्हीच नव्हता!”

“आम्ही नव्हतो, तारखा होत्या,” भाऊसाहेब म्हणाले.

मराठी मसुद्यात हे असे झाले: ‘फी शुक्रवार, १० जुलै रोजी दुपारी एक वाजेपर्यंत कार्यालयात भरावी. त्या दिवशी भरलेली फी वेळेत भरली असे समजले जाईल. त्यानंतर कार्यालय उघडे असेल अशा प्रत्येक दिवसास दहा रुपये अधिक द्यावे लागतील.’ भाऊसाहेबांनी हा मसुदा वाचून सही केली, परंतु उंबऱ्याचा दृष्टान्त वाया गेल्याचे दुःख त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट होते. दुसऱ्या हप्त्याची तारीख मात्र त्यांच्याही लक्षात आलेली नव्हती. ती दोन ऑक्टोबर होती. त्याच कागदाच्या मागील बाजूस दोन ऑक्टोबर, गांधी जयंती, शाळा आणि कार्यालय बंद, असे ठळक अक्षरांत छापलेले होते. आणि कागदाच्या दोन बाजू एकाच वेळी दिसत नाहीत या निसर्गनियमामुळे कित्येक वर्षे संपूर्ण शाळा दुसरा हप्ता उशिराने भरीत आली होती.

तिसरा खड्डा पटावरून नाव कमी करण्याचा. येथे वकीलसाहेब खडबडून जागे झाले. शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. काढून टाकण्याची मिळाली नाही.

“मग इतकी वर्षं हे कसं छापलं जात होतं?” बाईंनी विचारले.

“इंग्रजीत होतं ना,” गुरुजी म्हणाले.

त्या वाक्याच्या जागी, एकरकमी फी भरणे ज्यांना शक्य नसेल त्यांनी मुदतीपूर्वी मुख्याध्यापिकांस भेटावे, असे आम्ही लिहिले. जुन्या पुण्यातील शाळांत यासाठी ‘नादारी’ हा एक शब्द होता आणि त्या शब्दाच्या आधाराने निम्मे शहर शिकले. परंतु आज तो कागदावर पाहून कोणी मान वर करून कार्यालयात येईल असे वाटले नाही, म्हणून तो मी मनातल्या मनात नमस्कार करून वगळला.

सुट्ट्यांचा भाग सोपा जाईल अशी माझी समजूत होती. तेथे प्रथम ‘सुटी’ की ‘सुट्टी’ हा प्रश्न उपस्थित झाला, आणि पुण्यात हा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे त्या दिवशी दुसरे काम होत नाही. गुरुजी ‘सुटी’चे, भाऊसाहेब ‘सुट्टी’चे, दोघांचेही चहा निवले, अखेर बाईंनी ‘शाळा बंद’ असे लिहावयास सांगून दोन्ही पक्षांचा सारखाच पराभव केला. हा तोडगा पुढे फार उपयोगी पडला. मूळ यादीत दिवाळीच्या सुटीची केवळ पहिली आणि शेवटची तारीख असे, आणि शेवटच्या तारखेस शाळा आहे की नाही या शंकेने निम्मी मुले त्या दिवशी गणवेश घालून कुलूप पाहून जात. आता ‘शाळा बंद’ आणि ‘शाळा भरेल’ असे दोन रकाने करून दोहोंत वारासह तारीख घातली.

यादीच्या तळाशी एक तारांकित टीप होती: चंद्रदर्शनानुसार या दिवसात बदल संभवतो. ती ईदसाठी होती हे उघड आहे. परंतु यादी वर्षानुवर्षे जुन्यावरून नवी अशी टंकलिखित होत आल्यामुळे तो तारा एकेक ओळ वर सरकत गेला होता आणि सांप्रत तो स्वातंत्र्यदिनाच्या माथ्यावर स्थिरावला होता. पंधरा ऑगस्ट चंद्रावर अवलंबून असल्याबद्दल आजवर एकाही पालकाने पृच्छा केली नव्हती. उलट पालखीची तारीख तिथीप्रमाणे दरवर्षी बदलते, तरी ती मात्र गतवर्षीचीच कायम होती. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामास येते त्या दिवशी रस्ते बंद असतात, आणि चुकीच्या तारखेवर विसंबून निघालेली शाळेची बस वारकऱ्यांबरोबर टाळांच्या गजरात कोठवर जाईल हे चालकाच्या हाती राहत नाही.

“एक दिवस जास्त द्या की,” रिक्षामालक म्हणाले. “त्या दिवशी आमची रिक्षाच निघत नाही.”

तेव्हा बाईंनी बोटांवर मोजून हिशेब सांगितला, की पाचवीपर्यंत वर्षास दोनशे आणि सहावी ते आठवीस दोनशे वीस दिवस शाळा भरलीच पाहिजे असे कायद्याच्या परिशिष्टात आहे. असे बंदचे दिवस वाढविले की ते उन्हाळ्यात फेडावे लागतात.

शिस्तीच्या नियमांचे पहिले भाषांतर गुरुजींनी आपणहून घरी करून आणले होते. उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यास थांबवून ठेवण्यात येईल, एवढाच मूळ आशय. तो त्यांच्या लेखणीतून ‘विलंबाने येणाऱ्या विद्यार्थ्यास स्थानबद्ध करण्यात येईल’ असा अवतरला. दोनदा उशीर झाल्यास काय, असे मी भीत भीत विचारले. पुढच्या ओळीत ‘सीमापार’ हा शब्द होता. भाऊसाहेबांचे भ्रमणध्वनीविषयक कलम त्याहून थोडक्यात होते: ‘मोबाईल आढळल्यास जप्त.’ हे कलम नमुन्यादाखल एका आजीबाईंस वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी घाबरून विचारले, “जप्ती घरावर येते का शाळेतच होते?” कागदावर आता ‘मोबाईल काढून घेऊन कार्यालयात ठेवला जाईल; पालकांनी त्याच दिवशी येऊन तो न्यावा’ असे आहे. शिक्षा तीच आहे. दवंडी तेवढी गेली. शिवाय सतराव्या कलमाने मुलास मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोहोंस मनाई असल्यामुळे, ‘वर्गाबाहेर उभे केले जाईल’ हे कलम वकीलसाहेबांनी स्वतःच्या पेनने खोडले.

दुचाकीच्या कलमात मात्र आम्ही मूळ लेखकापेक्षा कठोर झालो. परवान्यावाचून गाडीवर येणाऱ्या विद्यार्थ्यावर ‘कडक कारवाई’ होईल, असे तेथे होते. आणि कडक कारवाई हा शब्दप्रयोग पुणेकर पालक हवामानाच्या अंदाजाइतकाच मनावर घेतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या तरतुदीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असे आम्ही आकड्यांत लिहिले. त्यावर एका पालकांचे पत्र आले, की हे पंचवीस हजार शाळेस मिळणार असल्यास तेवढी फी कमी करावी.

एक नियम असा होता की तो लिहिताना आम्हा तिघांचाही हात थांबला. शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांनी केवळ इंग्रजीतच बोलावे, मराठीत बोलू नये, असा तो नियम. आणि तो पालकांस स्पष्ट, आदरयुक्त मराठीत कळवावयाचा होता. मी तो शक्य तितका स्पष्ट आणि आदरयुक्त लिहिला. बाईंनी तो एकदा वाचला, पुन्हा मोठ्याने वाचला, दाराशी उभ्या असलेल्या शिपायास मराठीत पाणी आणावयास सांगितले, आणि ते पिऊन तो नियम काढून टाकला.

मसुदा छापावयास देण्यापूर्वी तो कोणा खऱ्या पालकाकडून वाचवून घ्यावा, असे रिक्षामालकांनी सुचविले. दुसरीतील एका मुलीच्या आई, ज्या आमच्याच भागात घरोघरी पोळ्या करतात, त्या कामावरून कामावर जाताना थांबल्या. “समजलं का?” असे आम्ही त्यांना मुद्दामच विचारले नाही, कारण या प्रश्नास भिडेखातर ‘हो’ हेच उत्तर येते, “हे वाचून आता तुम्ही काय काय कराल ते सांगा,” असे विचारले. फी भरावयाची नाही, पालखीला मुलीस घरी ठेवावयाचे, नखे कापावयाची, हे त्यांनी घडाघडा सांगितले. अडल्या त्या एका जागी.

“रजेचा अर्ज विहित नमुन्यात करावा, म्हणजे?”

“म्हणजे छापील अर्जावर.”

“तो मिळतो कुठं?”

आम्ही सर्वांनी मसुदा चाळला. ते कोठेही लिहिलेले नव्हते.

“माझ्याकडे,” भाऊसाहेब म्हणाले. “सगळ्यांना माहीत आहे.”

“मला नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या कामावर निघून गेल्या.

छापील अर्ज कार्यालयातील खिडकीवर विनामूल्य मिळतो, ही ओळ त्यांच्यामुळे आली. मूळ दोन्ही बाजूंचे परिपत्रक मराठीत एका बाजूवर बसले, इंग्रजी वाचणारे पालकही खिडकीशी येऊन हळू आवाजात मराठी प्रत मागू लागले, आणि फी वाढलेली नाही हे रिक्षामालकांस दुसऱ्याच ओळीत सापडून त्यांनी सही केली. परिपत्रकाच्या तळाशी तुटक रेघेखाली पोचपावती होती, आणि रेघेवर ‘येथे कापून खालचा भाग सहीसह शाळेत परत करावा’ असे निःसंदिग्ध, आदरयुक्त मराठीत लिहिलेले होते. बहुसंख्य पालकांनी ते काळजीपूर्वक वाचून, पट्टी लावून सरळ रेषेत कापून, वरचा भाग शाळेत परत केला आणि पोचपावती घरी जपून ठेवली. पुढील वर्षी पोचपावती निराळ्या कागदावर छापावी अशी लेखी सूचना मी कार्यालयास दिली असून, ती आवक क्रमांकासह भाऊसाहेबांच्या दप्तरी दाखल झाली आहे.